गल्लीला नाव नाही, तरी पत्ता सापडावा म्हणून: धायरी-नऱ्ह्यात नव्याने आलेल्यांसाठी

धायरी 2017 मध्ये पुणे महापालिकेत आली, शेजारचं नऱ्हे 2021 मध्ये. पण मुख्य रस्ता सोडून कुठल्याही मळ्यात शिरा, दहा-पंधरा फुटी गल्ल्यांना अजून नाव सापडत नाही. याचं कारण असं की या गल्ल्या रस्ते म्हणून कुणी आखल्याच नव्हत्या. शेताचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले (गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट) आणि मागच्या तुकड्यापर्यंत जायला मालकाने वाट सोडली. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले चढले आणि वाटेची गल्ली झाली. नाव कोण देणार?

मी अशाच एका गल्लीत राहतो. आमच्या इमारतीत नवीन भाडेकरू आला की चार-आठ दिवसांत गॅसवाला, कुरिअरवाला आणि त्याचा स्वतःचा मामा असे तिघंही फाट्यावर उभे राहून फोन करतात. मग पत्ता नीट बसवून द्यायचं काम माझ्याकडे येतं. ते कसं करायचं ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं धायरीची आहेत, पण पद्धत वाघोलीला किंवा एखाद्या तालुक्याच्या गावालाही चालेल.

हाताशी काय हवं

भाडेकरार किंवा खरेदीखताची इंडेक्स टूची प्रत, अलीकडचं वीजबिल, मालकाकडून मिळकतकराच्या पावतीचा फोटो, नकाशा असलेला फोन. आणि गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत एकदा चालत जायची तयारी. घरात बसून पत्ता लिहू नका; आतून दिसणाऱ्या खुणा आणि बाहेरून येणाऱ्याला दिसणाऱ्या खुणा वेगळ्या असतात.

1. कागदावरचा पत्ता आधी बाजूला काढा

तुम्हाला दोन पत्ते लागणार आहेत. एक कागदपत्रांसाठी, एक माणसांसाठी. दोन्ही एकच समजल्याने बहुतेक घोटाळे होतात.

कागदावर ठसठशीत असतो तो सर्व्हे नंबर: स. नं. 27/3/2 वगैरे. हा जमिनीच्या तुकड्याचा नंबर आहे, घराचा नाही. पहिला आकडा मूळ सर्व्हे नंबर, पुढचे त्याचे पडत गेलेले हिस्से. एका सर्व्हे नंबरात कित्येक इमारती असतात. शिवाय हे नंबर रस्त्याच्या कडेने ओळीने जात नाहीत. जमीन मोजली तेव्हा शेतं ज्या क्रमाने मोजली गेली तसे ते पडले. 27 च्या शेजारी 28 असेलच असं नाही, आणि असला तरी मधे ओढा असू शकतो. त्यामुळे "स. नं. 27 कुठे आला?" असं पानाच्या टपरीवर विचारून उपयोग नाही. हे तलाठ्याला ठाऊक असतं, टपरीवाल्याला नाही.

तरी सर्व्हे नंबर टाकून देऊ नका. बँक, आधार, पासपोर्ट, गॅस कनेक्शन इथे पुराव्याच्या कागदावर जो पत्ता आहे तोच अक्षर न बदलता लिहावा लागतो. वीजबिलावर "27/3/2" आणि करारात "27/3" असेल तर अर्ज भरण्याआधी मालकाला विचारून खरा कुठला ते ठरवा. गावात ग्रामपंचायत होती तेव्हाचा घर क्रमांक आणि आताचा महापालिकेचा मिळकत क्रमांक हेही दोन निराळे असतात. जुन्या बिलांवर पहिला टिकून असतो. तुमच्या कागदांत दोन्ही दिसले तर घाबरू नका, फक्त एका अर्जात दोन्ही मिसळू नका.

2. पोस्ट आणि पिन पक्का करा

धायरी, नऱ्हे, वडगाव बुद्रुक यांचा पिन 411041. त्याच सिंहगड रस्त्यावर शहराच्या बाजूचा आनंदनगर-हिंगणे भाग 411051. एका आकड्याचा फरक, पण शेवटचे तीन आकडे वाटप करणारं पोस्ट ठरवतात (पहिले तीन टपालाचा जिल्हा सांगतात, पुण्याला 411). कुरिअर कंपन्याही पार्सल कुठल्या केंद्रावर पाठवायचं ते आधी पिनवरूनच पाहतात. बाकी पत्ता कितीही सुंदर लिहा, पिन चुकला तर तो वाचणारा माणूसच वेगळा असेल. 15 ऑगस्ट 1972 ला ही पद्धत सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच होते, हे जाता जाता.

गावाचं पूर्ण नाव इथे सोडायचं नाही. नुसतं "वडगाव, पुणे" लिहिलंत तर ते सिंहगड रस्त्यावरचं वडगाव बुद्रुक, नगर रस्त्यावरचं वडगाव शेरी (411014) किंवा थेट वडगाव मावळ (412106) यांपैकी काहीही असू शकतं. आंबेगाव, कोंढवा यांनाही बुद्रुक आणि खुर्द आहेत. बुद्रुक-खुर्द हे शोभेचे शब्द नाहीत, ती दोन वेगळी गावं आहेत.

गावाकडचा पत्ता देत असाल तर "मु. पो." सवयीने लिहू नका. मुक्काम आणि पोस्ट एकाच गावात असेल तरच "मु. पो. अमुक". तुमच्या वाडीत पोस्ट नसेल आणि टपाल शेजारच्या गावातून वाटलं जात असेल तर "मु. अमुक वाडी, पो. तमुक, ता., जि." असं सुटं लिहायचं. पोस्टाचं नाव चुकलं की पत्र तालुक्यात फिरत राहतं.

3. मळा, वस्ती, आळी: मधला थर भरा

गाव आणि घर यांच्यामध्ये लोकांच्या तोंडी एक नाव असतंच. धायरीत रायकर मळा, बेनकर वस्ती, गारमाळ. जुन्या गावठाणात आळ्या. गल्लीला नाव नसेल, पण मळ्याला आहे, आणि रिक्षावाल्याला ते माहीत असतं. म्हणून हे नाव पत्त्यात वर आणा, सर्व्हे नंबराच्याही आधी.

हे नाव बिल्डरच्या जाहिरातीतून घेऊ नका. जाहिरातीत "सिंहगड रोड, पुणे" असं छापतात, आणि सिंहगड रस्ता दांडेकर पुलाजवळ सुरू होऊन थेट गडाच्या दिशेने जातो. तो पत्ता नव्हे, दिशा झाली. किराणा दुकानात जाऊन विचारा: "या भागाला काय म्हणता?" दोन दुकानांत एकच उत्तर आलं की ते नाव घ्या. दोन वेगळी आली तर तुम्ही हद्दीवर आहात. अशा वेळी तुमची गल्ली ज्या बाजूने उघडते त्या बाजूचं नाव लिहा.

"गल्ली नं. 4" असा रंगवलेला फलक दिसला तरी लगेच विश्वास ठेवू नका. हे नंबर रहिवाशांनीच घातलेले असतात. एका वस्तीत फाट्याकडून मोजतात, शेजारच्या वस्तीत गावाकडून, आणि गल्ली नं. 4 दोन्हीकडे असते. वस्तीच्या नावाशिवाय तो नंबर कधीच लिहू नका.

4. तीन खुणा निवडा

इथे वेळ घाला. येणाऱ्या माणसाला तीनच ठिकाणी अडतं: भागात पोहोचताना, मुख्य रस्त्यावरून वळताना आणि दार ओळखताना. तिन्ही ठिकाणी एक-एक खूण हवी.

पहिली खूण सगळ्या शहराला माहीत असलेली. इथे ती धायरी फाटा. ती घराजवळ असायची गरज नाही. तिथून येण्याची दिशा ठरते, एवढंच तिचं काम. आणि दिशा ठरल्याशिवाय "डावीकडे", "उजवीकडे" या शब्दांना अर्थ नसतो. "टाकीनंतर डावीकडे" हे फाट्याकडून येणाऱ्याला बरोबर आणि गावाकडून येणाऱ्याला उलटं. म्हणून दरवेळी "धायरी फाट्याकडून येताना" एवढे शब्द लिहायचेच.

दुसरी खूण वळणाची, आणि सर्वांत महत्त्वाची. ती गाडी चालवताना, मान न वळवता दिसली पाहिजे, आणि वळणाच्या आधी दिसली पाहिजे. वळण मागे पडल्यावर दिसणारी खूण माणसाला यू-टर्न घ्यायला लावते. पाण्याची टाकी, शाळा, पीएमपीचा थांबा, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, पूल या चांगल्या खुणा, कारण त्या हलत नाहीत. मोबाईलचं दुकान, वडापावची गाडी, "नवीन बांधकाम" या वाईट. बांधकाम पूर्ण होतं, दुकानाचा फलक भाडेकरू बदलला की बदलतो. एटीएमही आजकाल भरवशाचं नाही.

मंदिर टिकाऊ असतं, पण ते एकटं असलं पाहिजे. "मारुती मंदिराजवळ" हे जवळजवळ कुठल्याही गावात खरं आहे, म्हणून कशालाच उपयोगाचं नाही. मंदिराला लोक काही खास नावाने ओळखत असतील तर ते पूर्ण नाव लिहा. नसेल तर दुसरी खूण घ्या.

आणि पाडून टाकलेली खूण लिहू नका, शेजारी कितीही म्हणोत. निकाराग्वाच्या राजधानीत, मानाग्वात, 1972 च्या भूकंपात पडलेल्या इमारतींपासून लोक नंतर कित्येक वर्षं पत्ते सांगत राहिले. तिथल्या माणसाला ते समजतं. आपल्याकडेही "जुन्या नाक्यापाशी" म्हटलं की गावकरी बरोबर पोहोचतो. पण तुमचं पार्सल आणणारा मुलगा मागच्या महिन्यात लातूरहून किंवा गोरखपूरहून आलेला असतो. त्याला आज डोळ्यांनी दिसेल तेच लिहा.

तिसरी खूण दाराची. गल्लीत शिरल्यावर इमारती सारख्याच दिसतात आणि "साईकृपा" नावाच्या दोन सहज निघतात. इथे मात्र लहान, घरगुती खूण चालते: पिठाची गिरणी, डीपी, चिंचेचं झाड, हिरवं फाटक. ती टिकाऊ नसली तरी चालेल, कारण हरवला तरी माणूस दहा पावलांतच हरवेल.

5. "मागे", "समोर", "जवळ" हे शब्द तपासा

"जवळ" खोडूनच टाका. ते वीस फूटही असतं आणि पाव किलोमीटरही.

"समोर" म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, तोंडासमोर तोंड. शेजारच्या इमारतीला "शेजारी" म्हणा. "मागे" सगळ्यांत फसवा. टाकीच्या मागे राहतो म्हटलं की माणूस टाकीशेजारच्या बोळात शिरतो आणि कुंपणाच्या भिंतीला जाऊन थडकतो. तुमचं घर आकाशातून पाहिलं तर टाकीच्या मागेच आहे, पण तिथे जाणारी वाट पुढच्या गल्लीतून आहे. पत्त्यात घराची जागा नाही, वाट सांगायची असते. मळ्यांमध्ये हे फार होतं, कारण दोन शेतांच्या मधला बांध आता भिंत झालेला असतो, आणि गल्ल्या एकमेकींना मिळत नाहीत.

6. आता पत्ता फॉर्मात बसवा

एक उदाहरण घेऊ. गाव आणि मळा खरे, बाकी इमारत, नंबर आणि खुणा मी कल्पिलेल्या.

करारात असं आहे: "फ्लॅट नं. 6, साईकृपा अपार्टमेंट, स. नं. 27/3/2, रायकर मळा, धायरी, ता. हवेली, जि. पुणे 411041." भाडेकरू हेच सगळीकडे लिहितो आणि लँडमार्कच्या रकान्यात "पाण्याच्या टाकीमागे" अशी भर घालतो. कुठलाही शब्द खोटा नाही, तरी रोज फोन येतो.

चालून पाहिल्यावर कळतं की फाट्याकडून येताना टाकी डाव्या हाताला लागते, ती ओलांडली की डावीकडे पहिली गल्ली, आणि आत थोडं गेल्यावर उजवीकडे गिरणी, तिच्या समोर इमारत. मग रकाने असे भरायचे:

- घर/इमारत: फ्लॅट 6, दुसरा मजला, साईकृपा अपार्टमेंट
- भाग: रायकर मळा, धायरी, स. नं. 27/3/2
- लँडमार्क: टाकीनंतर डावीकडे पहिली गल्ली, गिरणीसमोर (धायरी फाट्याकडून येताना)
- शहर, पिन: पुणे 411041

क्रम मुद्दाम असा आहे. पार्सलवरच्या चिठ्ठीत लांब ओळ शेवटून कापली जाते, म्हणून प्रत्येक रकान्यात कामाचं आधी. दिशेचा भाग कंसात शेवटी ठेवला, कारण बहुतेक गाड्या फाट्याकडूनच येतात. तो कापला गेला तरी पत्ता लंगडा होणार नाही. तुमच्याकडे दोन्ही बाजूंनी वाहतूक असेल तर मात्र दिशा आधी लिहा.

तालुका-जिल्हा अर्जांत लिहायचा, जेवण मागवताना नाही. आणि हाच पत्ता रोमन लिपीतही एकदा लिहून ठेवा, कारण आणणाऱ्या प्रत्येकाला देवनागरी मराठी वाचता येतंच असं नाही. गावाचं स्पेलिंग एकच ठेवा: `Dhayari` लिहायचं ठरवलं की `Dhairi` नको, नाहीतर ॲपच्या यादीत तुमचे दोन पत्ते तयार होतात आणि घाईत जुना निवडला जातो.

7. नकाशावरची टाचणी फाटकावर ठेवा

ॲप आपोआप टाचणी टाकतं ती तुम्ही घरात बसलेले असताना, आणि काँक्रीटच्या आत फोनला जागा नीट कळत नाही. ती शेजारच्या गल्लीत पडली की नकाशा माणसाला भिंतीच्या पलीकडच्या बाजूला नेऊन "पोहोचलात" म्हणतो. फाटकाबाहेर उभे राहा, उपग्रहाचं चित्र उघडा, इमारतीच्या छपरावर नाही तर फाटकावर टाचणी आणा आणि मग जतन करा. नंतर फाट्यापासून रस्ता दाखवायला सांगा. नकाशा भलत्याच गल्लीतून नेत असेल तर लँडमार्कच्या रकान्यात तसं लिहावं लागेल: "ओढ्याकडची गल्ली बंद आहे, टाकीकडून या."

गुगल नकाशावर टाचणी दाबून धरली की प्लस कोड मिळतो, त्यात अधिकचं चिन्ह असतं. टपाल खात्याने 2025 मध्ये डिजिपिन आणला. दहा अक्षर-आकड्यांचा हा कोड साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. दोन्ही जतन करून ठेवा, पाहुण्यांना पाठवायला छान आहेत. पण दोन्हीपैकी कुठलाच कोड तुम्ही कितव्या मजल्यावर राहता ते सांगत नाही, आणि आत जायची वाट कुठून आहे तेही नाही. खुणांसोबत लिहा, खुणांऐवजी नको.

8. अनोळखी माणसावर पत्ता तपासा

कधीही न आलेल्या एखाद्या मित्राला फक्त हा मजकूर पाठवा आणि सांगा, फोन करू नकोस, जिथे थांबावंसं वाटेल तिथला फोटो काढ. तो जिथे थांबेल तिथली खूण कच्ची आहे. हेच एकदा अंधारात करून पाहा. दिवसा ठळक दिसणारी टाकी रात्री दिसतच नाही, आणि दिवसा लक्षातही न येणारं औषधाचं दुकान रात्री दुरून चमकतं. तसं असेल तर रात्रीसाठी वेगळी वळण-खूण ठरवून ठेवा.

9. तोंडी पत्ता उलट्या क्रमाने

लिहिताना घरापासून सुरुवात करतो. फोनवर सांगताना मोठ्यापासून. 108 ची रुग्णवाहिका सेवा राज्यभरासाठी एकच आहे, फोन उचलणाऱ्याला धायरी माहीत असेलच असं नाही. म्हणून: "पुणे जिल्हा, पुणे शहर, सिंहगड रस्ता, धायरी, रायकर मळा." मग वळण. मग दार. फ्लॅट नंबर शेवटी. मोठी गाडी गल्लीत वळत नसेल तर तेही लगेच सांगा, आणि फोन ठेवण्याआधी घरातलं कुणीतरी वळणावर बॅटरी घेऊन उभं करा. हा क्रम कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण फोन बहुतेकदा घरातलं म्हातारं माणूस किंवा शाळकरी पोर करतं आणि त्यांना सर्व्हे नंबरच तेवढा पाठ असतो.

बदल झाला की कुठे-कुठे बदलायचं

दाराची खूण वर्षा-दोन वर्षांत जाते; गिरणी बंद पडते, फाटकाला दुसरा रंग लागतो. तेव्हा गॅस एजन्सी, दूधवाला, जेवणाची आणि सामानाची ॲप, मुलांच्या शाळेची बस आणि फ्रिजवरचा कागद एवढ्या ठिकाणी लँडमार्क बदला. आधार आणि बँकेतला पत्ता यासाठी बदलायची गरज नाही. तिथे गिरणी कधी लिहायचीच नव्हती.